गुडघ्यामागची गाठ दिसली की लगेच सुई? या चुका टाळा

वायवात पॉप्लिटियल फॉसाच्या, म्हणजे गुडघ्यामागच्या खळग्याच्या, बाऊंड्रीज कुणालाही विचारा, पोरं धडाधड सांगतात. वर बाहेरच्या बाजूला बायसेप्स फिमोरिस, वर आतल्या बाजूला सेमीटेंडिनोसस आणि सेमीमेम्ब्रेनोसस, खाली गॅस्ट्रोक्नेमियसची दोन डोकी, त्यातल्या बाहेरच्या डोक्याजवळ प्लँटॅरिस, झाला पतंगाचा आकार, मिळाले मार्क. पण त्याच पोरांसमोर गुडघ्यामागं गाठ घेऊन पेशंट उभा राहिला की सगळे एकसुरात "बेकर्स सिस्ट", म्हणजे पाणी भरलेली पिशवी, म्हणतात आणि मोकळे होतात. मीही म्हणालो होतो, म्हणून तर लिहितोय.

साठीतले काका, शेतकरी, बिड्या चाळीस वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले. उजव्या गुडघ्यामागं लिंबाएवढी गाठ, दुखत नाही, फक्त खाली बसताना जड वाटतं. बाहेरून आणलेल्या चिठ्ठीवर "बेकर्स सिस्ट, पाणी काढावं" असं लिहिलेलं, मी ट्रे मागवला, सिरिंज फोडली, आणि काका पालथे झोपल्यावर सहज त्यांच्या पायाकडं लक्ष गेलं तर उजव्या पायाचं दुसरं बोट निळसर. विचारलं तर म्हणे तीन आठवडे झाले, बांधावर ठेच लागली असेल. ठेच लागलेलं बोट सुजतं, दुखतं, नखाखाली काळं पडतं. हे तसं नव्हतं, हे टोकाशी जांभळं आणि गार होतं. ट्रे बाजूला सरकवला.

इथं चूक काय होत होती सांगतो, चूक होती खोलीचा क्रम विसरण्याची. बाऊंड्री म्हणजे पतंगाच्या चार कडा, पण आत मागून पुढं जाताना, म्हणजे कातडीकडून हाडाकडं, आधी टिबियल नर्व्ह, मग व्हेन आणि सगळ्यात खोल आर्टरी, थेट फीमरच्या मागच्या पृष्ठभागाला आणि सांध्याच्या कॅप्सूलला लागून. आर्टरी एवढी खोल असल्यामुळं तिची नाडी नॉर्मल माणसात पटकन सापडतच नाही, गुडघा थोडा वाकवून स्नायू सैल करून दोन्ही हातांची बोटं खळग्याच्या खालच्या भागात घालून टिबियावर दाबावी लागतात तेव्हा कुठं लागते. मग गंमत बघा, ज्याच्यात ती नाडी हात ठेवल्याठेवल्या ठणठणीत लागते तिथं खूश व्हायचं नाही, उलट संशय घ्यायचा. काकांच्या डाव्या गुडघ्यामागं, जिथं गाठीची तक्रारच नव्हती, तिथं ती तशीच लागली.

आणि उजवीकडं? तिथं धडधड नव्हती. म्हणूनच तर सगळे फसले. अॅन्युरिझममध्ये, म्हणजे आर्टरीच्याच फुगलेल्या भागात, रक्त गोठून भिंतीला थर बसला की ठोका हाताला लागेलच असं नाही, त्यामुळं "उडत नाही म्हणजे सिस्ट" हे गणित चुकीचं. उडत असेल तरी दोन बोटं गाठीच्या दोन बाजूंना ठेवून बघा, बोटं एकमेकांपासून लांब ढकलली गेली तर गाठ स्वतः फुगतेय, दोन्ही नुसती वर उचलली गेली तर खालच्या आर्टरीचा ठोका तिला लागतोय.

बेकर्स सिस्ट ओळखायची एक साधी युक्ती आहे जी कुणी वापरत नाही. ती गाठ असते आतल्या बाजूला, गॅस्ट्रोक्नेमियसचं आतलं डोकं आणि सेमीमेम्ब्रेनोसस यांच्या फटीत, आणि सहसा तिचा सांध्याशी संबंध असतो. पाय सरळ केला की ती फट आवळली जाते, गाठ घट्ट होते. गुडघा वाकवला की मऊ पडते, कधी गायबच होते. याला फूशेचं चिन्ह म्हणतात. काकांची गाठ वाकवून पण तशीच आणि मधोमध. हे चिन्ह मिळालं म्हणजे सोनोग्राफी नको असं मात्र नाही, आणि डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, होईपर्यंत सुई तर अजिबात नाही.

मग घोट्याचं प्रेशर घेतलं. दंडाचं वरचं प्रेशर 140, डाव्या घोट्याला 140 म्हणजे गुणोत्तर 1, उजव्या घोट्याला 98 म्हणजे 0.7. म्हणजे रक्त खाली नीट पोचत नव्हतं. डॉपलरमध्ये उजवीकडं 3.2 सेंटीमीटरचा पॉप्लिटियल अॅन्युरिझम, आत गोठलेल्या रक्ताचा जाड थर, डावीकडं 2.1 चा, आणि पोटातल्या एओर्टाची सोनोग्राफी सांगितली तर तिथं 4.2. हे असंच निघतं, साधारण निम्म्या लोकांत दुसऱ्या पायातही असतो, त्यामुळं एका बाजूला सापडला की दुसरा पाय आणि पोट बघितल्याशिवाय पेशंटला घरी पाठवायचं नाही.

लोकांना वाटतं अॅन्युरिझम म्हणजे फुटणार. पोटातल्याची भीती तीच, गुडघ्यामागचा मात्र फुटतो क्वचित. तो आत गोठतो, त्याचे कण सुटून खाली बोटांपर्यंत जातात, एकेक करून खालच्या नळ्या बंद होतात आणि मग एक दिवस अख्खा पाय गार. काकांचं निळं बोट म्हणजे त्या कणांपैकी एक. त्या गाठीत मी सुई घातली असती तर रक्तस्राव झाला असताच, शिवाय आतला थर हलून आणखी कण खाली गेले असते. नंतर त्यांच्याच पायातली ग्रेट सॅफेनस व्हेन वापरून बायपास केला, अॅन्युरिझम वर-खाली बांधून टाकला. ही कल्पना जुनीच, जॉन हंटरनं 1785 मध्ये लंडनला एका घोडागाडीवाल्याचा असाच अॅन्युरिझम वर मांडीत आर्टरी बांधून बरा केला होता, आजूबाजूच्या छोट्या नळ्यांनी पाय जगवला. आज नुसतं बांधून भागत नाही, कारण त्या छोट्या नळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी चूक उलट्या दिशेची. बेकर्स सिस्ट फुटली की पाणी पोटरीत उतरतं, पोटरी सुजते, लाल होते, हात लावू देत नाही, हुबेहूब डीव्हीटी, म्हणजे पायाच्या खोल व्हेनमध्ये रक्त गोठल्यासारखी. कुणी न तपासता रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू केली आणि ती खरंच फुटलेली सिस्ट असेल तर पोटरीत रक्त साचून स्नायूंच्या बंद कप्प्यातलं प्रेशर वाढू शकतं. घोट्याच्या आतल्या हाडाखाली चंद्रकोरीसारखा निळा डाग उमटला तर सिस्ट फुटल्याचा अंदाज येतो, पण तो उमटायला वेळ लागतो आणि सिस्ट व्हेनवर दाबून खरी डीव्हीटीही करू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉपलर आणि त्यात व्हेन आणि गाठ दोन्ही बघायला सांगा, नाहीतर रिपोर्टमध्ये फक्त "डीव्हीटी नाही" एवढंच येतं.

गाठ नसलेली पण याच खळग्यातली एक गोष्ट, मोटरसायकलवरून पडलेला, गुडघा निखळून परत बसलेला माणूस. एक्सरे नॉर्मल दिसतो, पायाला नाडी लागते, आणि लोक प्लास्टर लावून घरी पाठवतात. आर्टरी वर अॅडक्टर हायेटसला आणि खाली सोलियसच्या कमानीला अडकलेली असते, मध्ये गुडघा सरकला की ती ताणली जाते आणि आतला पापुद्रा फाटतो, आणि त्यावर नंतर रक्त गोठतं. म्हणून घोटा आणि दंडाच्या प्रेशरचं गुणोत्तर 0.9 च्या खाली असेल तर सीटी अँजिओ, वर असेल तरी दर थोड्या वेळानं पुन्हा मोजा, कारण रक्त पूर्ण बंद झालं तर साधारण सहा तासांत स्नायू जायला लागतात.