वजनकाट्यावरचे उलटे बाइट

वाळूजच्या एमआयडीसीतली माझी पहिली नोकरी. काम साधं होतं: परभणीजवळच्या एका जिनिंगच्या वजनकाट्याचा आकडा बोर्डावरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला पाठवायचा. वजन किलोत, दोन बाइटांत.

रिकाम्या काट्यावर शून्य आलं, मी खूश. मग कापसाची गाडी चढली. काट्याच्या डिस्प्लेवर १२,४५०, कॉम्प्युटरवर ४१,५२०. काटेवाले मामा म्हणाले, "सायेब, एवढा कापूस तर अख्ख्या गावात न्हाई." एक पोतं खाली उतरवलं की आकडा हजारोंनी हलायचा.

१२,४५० म्हणजे हेक्समध्ये 30A2. मी व्हेरिएबल `memcpy` ने सरळ बफरमध्ये टाकला होता. आमची चिप लिटल-एंडियन, म्हणजे लहान किमतीचा बाइट आधी ठेवणारी, त्यामुळे तारेवर गेलं `A2 30`. कॉम्प्युटर मोठा बाइट आधी धरत होता. त्याने A230 वाचलं, ते होतं ४१,५२०. शून्य उलटं वाचलं तरी शून्यच, म्हणून चाचणीत काही कळलं नव्हतं.

सिनियर दादांनी विचारलं, "पंचवीस म्हणताना आधी काय म्हणतोस?" पाच. "आणि लिहिताना?" दोन. बोलणं लिटल, लिहिणं बिग. तेव्हापासून मी चिपच्या भरवशावर न राहता क्रम स्वतः ठरवतो:

```c
uint16_t v = 12450;
uint8_t b[2];
b[0] = v >> 8;    // मोठा बाइट आधी
b[1] = v & 0xFF;
printf("%02X %02X\n", b[0], b[1]);
```

छापतं `30 A2`. लिटल हवं असेल तर b[0] आणि b[1] ची अदलाबदल करा. शिफ्ट आकड्याच्या किमतीवर चालते, मेमरीतल्या मांडणीवर नाही, म्हणून हा कोड कुठल्याही चिपवर तेच बाइट देतो.

छापण्यातही मी एक दिवस घालवला. बफर नुसता `char` होता आणि फॉरमॅट `%x`. A2 च्या जागी `ffffffa2` आलं, कारण तिथे `char` चिन्हासहित होता: A2 ऋण समजला गेला आणि छापताना `int` होऊन पसरला. ते दिसतं तरी. `02` विसरणं जास्त वाईट. १,२९० किलो म्हणजे `05 0A`, पण `%x` ने सलग छापलं `5a`. लॉग वाचणाऱ्याला तो एकच बाइट वाटतो, ९० किलोचा. त्या लॉगवर विश्वास ठेवून मी तार तपासत बसलो होतो, चक्क सोल्डरिंग गन घेऊन.

आता काटा जोडला की आधी बोर्डातून 0102 पाठवतो, म्हणजे २५८. पलीकडे ५१३ दिसलं तर क्रम उलटा आहे. मग गाडी बोलवायची.