ग्रूमिंगला उतरण्याआधी: कोणता कागद कशाला

कुत्र्यांना आंघोळ घालण्याच्या, त्यांचे केस कापण्याच्या म्हणजे ग्रूमिंगच्या धंद्यात पहिलं काम म्हणजे कागदांची सरमिसळ सोडवणं. कोर्स पूर्ण केला की 'रजिस्टर्ड' झालो, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे ग्रूमरची नोंदणी करणारी परिषदच नाही. पशुवैद्यकांची आहे, 1984च्या कायद्याने. उपचार त्यांनीच करायचे. पशुसंवर्धनाची पदविका घेतलेल्याला राज्य सरकारच्या आदेशाने किरकोळ सेवा देता येते, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. केस कापायला मात्र ती पदविका लागत नाही, आणि तिचा बराचसा भर गाईम्हशींवर असतो. त्यामुळे नुसतं ग्रूमिंग करायचं असेल, तर तिच्यात वर्षं घालवू नका. सहा-आठ आठवड्यांचा चांगला कोर्स पुरतो.

चांगला कसा ओळखायचा? फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझ्या हातून किती कुत्री होणार, आणि कोणत्या केसांची? नुसत्या लॅब्रॅडॉरला आंघोळ घालून शिकणं होत नाही. शित्झू किंवा लासाची जट सोडवलेली हवी. हस्की, जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी कोटच्या कुत्र्याला उन्हाळा म्हणून सरसकट भादरू नये, हे शिकवणारा मास्तर हवा. मशीनचं पातं तापतं, ते दर काही मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, ही सवयही तिथेच लागते.

दुकानात मोजकेच कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना पुरते. पिल्लं विकायची असतील तर मात्र गोष्ट वेगळी. 2018च्या पेट शॉप नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. 'दोन-चार पिल्लं ठेवू की' म्हणणारे इथेच अडकतात.

आता कोर्सच्या सर्टिफिकेटची हद्द कुठे संपते, ते बघा. लासा आला आहे, कानामागे जट, जवळ गेलं की कुबट वास. मशीनने वरचे केस काढता काढता खाली ओली जखम आणि अळ्या दिसतात. इथे हात थांबवा. फोटो काढा, मालकाला फोन करा, कुत्रा पशुवैद्यकाकडे पाठवा. टर्पेंटाइन ओतायचं नाही, अळ्या उपसायच्या नाहीत. चावरा कुत्रा शांत राहावा म्हणून गोळी देणं हेही आपलं काम नव्हे. नख खोल कापलं जाऊन रक्त आलं, तर रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर दाबून धरा. तेवढं आपलं. दुकानापासून दहा मिनिटांवरचा पशुवैद्यक आधीच ठरवून ठेवा आणि त्याच्याकडे न्यायला मालकाची परवानगी पहिल्याच फॉर्मवर घ्या.

आणि स्वतःची रेबीजची लस, चावण्याआधीची. डॉक्टरांना सांगून पहिल्या कुत्र्याला हात लावण्याआधी डोस पुरे करा. नंतर चावलाच, तर पंधरा मिनिटं साबणाने धुऊन पुन्हा डॉक्टरकडे जावंच लागतं, पण अशा वेळी डोस कमी लागतात.