शेगडीवरच्या तंगडीत धूर आणि करप कुठून येते : या चुका टाळा

निफाडकडे पारा उतरायला लागला की नाशिकच्या गच्च्यांवर शेगड्या निघतात. गंगापूर धरणाच्या बाजूला, मळ्यात, सोसायटीच्या मोकळ्या जागेत, कुठेही जा, चिकन तंगडी निखाऱ्यावर चढलेली दिसते. आणि जवळपास प्रत्येक शेगडीभोवती एक वाक्य ऐकू येतं : "करपलं तर काळं खरवडून टाक, बाकी काही होत नाही." याच समजुतीपासून सुरुवात करायला हवी, कारण खरवडण्याने अर्धंच काम होतं.

कडक आचेवर मांस भाजताना दोन वेगवेगळ्या प्रकारची घातक संयुगं तयार होतात. त्यांची कारणं निराळी, म्हणून उपायही निराळे. पहिला गट मांसाच्या आतूनच येतो. स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. पृष्ठभागाचं पाणी उडून तापमान साधारण १५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की क्रिएटिन आणि अमिनो आम्लं मिळून हेटेरोसायक्लिक अमाइन्स बनतात. २०० अंशांच्या पुढे त्यांचं प्रमाण झपाट्याने वाढतं. कोंबडीच्या भाजलेल्या मांसात यातलं पीएचआयपी हे संयुग विशेष आढळतं. दुसरा गट धुरातून येतो. मांसातली चरबी किंवा वरून सोडलेलं तेल निखाऱ्यावर पडतं, अर्धवट जळतं, आणि त्या धुरातून पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स वर येऊन तुकड्यावर बसतात. बेंझोपायरीन हे त्यातलं सर्वांत परिचित. तंबाखूच्या धुरातही तेच असतं.

आता खरवडण्याचं बघा. कोळसा झालेला भाग काढून टाकणं चांगलंच, तो खाऊ नये. पण अमाइन्स फक्त काळ्या भागात नसतात, त्याच्या खालच्या गडद तपकिरी कडक सालीतही असतात. धुरातली संयुगं तर न करपलेल्या तुकड्यावरसुद्धा बसलेली असू शकतात. खरवडणं हा शेवटचा उपाय आहे. खरी काळजी आधी घ्यायची असते.

धोका किती, हेही सरळ सांगतो. जपानमध्ये ताकाशी सुगिमुरा यांच्या गटाने १९७० च्या दशकात भाजलेल्या मासळीच्या जळलेल्या सालीत जनुकांत बदल घडवणारी द्रव्यं आहेत हे दाखवलं आणि या विषयाला सुरुवात झाली. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या संयुगांनी कर्करोग होतो, पण तिथे दिलेल्या मात्रा माणसाच्या जेवणातल्या मात्रेपेक्षा कितीतरी पट मोठ्या होत्या. माणसांमध्ये कोण किती भाजलेलं खातो हे मोजणंच अवघड, म्हणून तिथले निष्कर्ष इतके ठाम नाहीत. बेंझोपायरीनला मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. वर्षातून दोनदा तंगडी खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पण दर रविवारी जिथे शेगडी पेटते आणि मुलंही त्यातलंच खातात, तिथे पद्धत बदलणं मला अत्यावश्यक वाटतं. शिवाय या बदलाने चव जात नाही.

पहिली चूक : निखारे व्हायच्या आत मांस चढवणं

पाहुणे आले, भूक लागली, म्हणून ज्वाळा असतानाच जाळी ठेवली जाते. ज्वाळा थेट मांसाला लागली की पृष्ठभाग काही क्षणांत २०० अंशांच्या पुढे जातो आणि आत रक्त राहतं. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. मग जाळीच्या वर चार बोटांवर तळहात धरून पाहा. दोन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच फार आहे. चार-पाच सेकंद धरता आला तर बेताची. तंगडीला ही बेताची आच हवी.

जळणाचाही विचार करा. आपल्याकडे छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडलेले असतात आणि फुकटचं जळण म्हणून ते शेगडीत जातात. या काड्यांवर वर्षभर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद तर सालीवर उघड दिसतं. पाणी तापवायला त्या चालतील, अन्न भाजायला नकोत. ओलं लाकूड आणि अर्धवट जळालेला कोळसाही नको. तो धूरच जास्त करतो. रॉकेल ओतून पेटवलं असेल तर त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत मांस जवळ आणू नका.

दुसरी चूक : चरबी थेट निखाऱ्यावर पडू देणं

यावर सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. तंगडीच्या कातडीखाली चरबी असते. शिवाय दर दोन मिनिटांनी ब्रशने तेल-लोणी लावायची सवय असते. प्रत्येक थेंबाला निखाऱ्यावर "चर्र" होतं, ज्वाळ वर झेपावते आणि निळसर धूर निघतो. तो सुगंधी वाटतो खरा, पण बेंझोपायरीन त्यातच असतं.

उपाय सोपा आहे. निखारे शेगडीच्या एका बाजूला ओढा. दुसऱ्या बाजूला, मांसाच्या बरोबर खाली, पाणी घातलेलं स्टीलचं पसरट ताट ठेवा. चरबी त्या पाण्यात पडते, धूर होत नाही. ताट ठेवायला जागा नसेल तर निदान कातडी काढून घ्या, सुटी चरबी कापा आणि तेल लावायचं ते एकदाच, भाजायच्या आधी, अगदी पातळ हाताने लावा.

चूक होतेय का, हे ओळखायला एक खूण आहे. भाजलेल्या तुकड्यावरून पांढरा कागदी रुमाल हलकेच फिरवा. काळी भुकटी कागदावर आली तर ती काजळी, म्हणजे धुराचा दोष आहे. थेंब कुठे पडतायत ते बघा. कागद स्वच्छ आणि काळा डाग तुकड्याला घट्ट चिकटलेला असेल तर आच जास्त आहे किंवा तुकडा फार वेळ एकाच बाजूवर पडून राहिलाय.

इथे धुंगाराचाही विषय निघतो. पातेल्यात वाटी ठेवून जळता निखारा, त्यावर तूप आणि वरून घट्ट झाकण. चरबी निखाऱ्यावर जाळून धूर कोंडायचा, तोच प्रकार. ज्यांना धुंगार प्रिय आहे त्यांनी तो सणासुदीपुरता ठेवावा, थेंबभर तूप घ्यावं आणि मिनिटभरात झाकण काढावं.

तिसरी चूक : गोड मसाला लावून जास्त वेळ भाजणं

मसाल्यात मुरवल्याने अमाइन्स कमी होतात हे खरं, पण सगळ्याच मसाल्यांनी आणि कितीही वेळ भाजलं तरी नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या प्रयोगात कोंबडीचं मांस तेल, व्हिनेगर, लिंबू, लसूण, मोहरी आणि तपकिरी साखरेच्या मिश्रणात मुरवून भाजलं. पीएचआयपी ९० टक्क्यांहून जास्त घटलं. पण ३० आणि ४० मिनिटं भाजल्यावर एमईआयक्यूएक्स हे दुसरं अमाइन उलट दसपटीहून जास्त वाढलं. साखर करपायलाही लवकर लागते, हे तर शेगडीवर कुणालाही दिसतं. म्हणून घट्ट दही, लिंबू, आलं-लसूण, हळद, थोडी मिरपूड एवढंच आधी लावा. मध किंवा गुळाचा चकाकता थर हवाच असेल तर तुकडा शेगडीवरून उतरवल्यावर लावा. आणि भाजण्याचा वेळ कमी ठेवा. तो कसा, ते पुढे.

चौथी चूक : कच्चा जाड तुकडा शेगडीवरच शिजवणं

हाडाचा जाड तुकडा आतपर्यंत शिजायला पाऊण तासही लागतो आणि तोवर बाहेरून त्याची होळी झालेली असते. शेगडीचं काम फक्त रंग आणि वास देण्याचं ठेवा, शिजवणं आधीच उरकून घ्या.

एक किलोचा हिशेब देतो. कातडी काढलेल्या आठ-नऊ तंगड्या घ्या, प्रत्येकीवर दोन-तीन खोल चिरा द्या. मीठ, लिंबू, हळद, आलं-लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर वाफवा. वीस-पंचवीस मिनिटांत हाडाजवळचा गुलाबीपणा जातो. थर्मामीटर असेल तर जाड भागात ७४ अंश दिसायला हवेत. पातेल्यात सुटलेलं पाणी काढून घ्या. त्यात मांसातलं बरंच क्रिएटिन उतरलेलं असतं, म्हणजे अमाइन्सचा कच्चा मालच कमी होतो. गोमांसाच्या टिक्क्या आधी मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ ठेवून सुटलेला रस ओतून टाकला तर अमाइन्स ९० टक्क्यांपर्यंत घटतात, असं प्रयोगात दिसलेलं आहे.

ते पाणी फेकायचं मात्र नाही. क्रिएटिन स्वतः विषारी नसतं आणि रस्सा १०० अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे त्यात अमाइन्स जवळपास बनत नाहीत. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात ते पाणी घाला, रस्सा सुरेख होतो.

मग तंगड्यांवर टांगलेल्या दह्याचा आणि लाल तिखटाचा नवा पातळ थर द्या. आदल्या रात्री कच्च्या मांसाला लावलेला उरलेला मसाला ब्रशने पुन्हा लावू नका. त्यात कच्च्या कोंबडीचे जंतू असतात. निखाऱ्यांच्या बाजूला, पाण्याच्या ताटावर आठ-दहा मिनिटं भाजा आणि मिनिटाला एकदा उलटा. वारंवार उलटल्याने कुठलीच बाजू फार तापत नाही. टिक्क्यांवरच्या मोजमापात याने अमाइन्स बरेच कमी झालेले आढळले आहेत. रंग सोनेरी-तपकिरी झाला की उतरवा. कडेला एखादा काळा ठिपका आलाच, तर तेवढा कापून टाका.

बोनलेस तुकडे वाफवायची गरज नाही. सव्वा इंचाचे केले तर बेताच्या आचेवर ते दहा-बारा मिनिटांत शिजतात.

पनीर आणि मशरूममध्ये मांसासारखं क्रिएटिन नसतं, म्हणून अमाइन्सची अडचण जवळजवळ नाही. पण खाली तूप ठिबकत असेल तर धूर त्यांच्यावरही बसतोच, तेव्हा ताट त्यांच्याखालीही ठेवा.

आणि जाळी. मागच्या वेळची चरबी, मसाला, काजळी तिच्यावर थरांनी साचलेली असते आणि पहिल्याच तापात ती धूर होऊन नव्या तुकड्यांवर चिकटते. जाळी कोमट असतानाच नारळाच्या शेंडीने किंवा तारेच्या घासणीने घासून साबणाने धुवा. तारेची घासणी वापरली तर शेवटी ओलं फडकं फिरवा, तुटलेली तार जाळीवर राहून ताटात जाऊ शकते.