चाक किती सेकंदांत थांबेल? ब्रेकच्या गणितातल्या या चुका टाळा

फिरत्या चाकाच्या ड्रमवर पॅड दाबला तर चाक किती वेळात थांबेल, हे गणित मी डिप्लोमाच्या मुलांना बरीच वर्षं शिकवतो आहे. सूत्र बहुतेकांना पाठ असतं. तरी एकाच गणिताची उत्तरं वर्गात ७५ सेकंदांपासून सव्वा सेकंदापर्यंत येतात. चूक सूत्रात नसते. सूत्रात कुठला आकडा घातला, तिथे ती असते. म्हणून एकच उदाहरण घेऊन बसू आणि त्याच्यावरच सगळ्या चुका पाहू.

शाफ्टवर २० किलोचं, ३० सेंटिमीटर त्रिज्येचं, सगळीकडे सारख्या जाडीचं फ्लायव्हील आहे. त्याच शाफ्टवर १२ सेंटिमीटर त्रिज्येचा ब्रेकचा ड्रम आहे. ड्रमचं वजन लहान म्हणून सोडून देऊ. चाक ६०० आरपीएमने फिरतंय. मोटर बंद केली आणि त्याच क्षणी पॅड ड्रमवर १५० न्यूटन बलाने दाबला. घर्षण गुणांक ०.४.

पॅडचं घर्षण बल ०.४ गुणिले १५०, म्हणजे ६० न्यूटन. हे बल ड्रमच्या कडेवर लागतं, म्हणून टॉर्क ६० गुणिले ०.१२, म्हणजे ७.२ न्यूटन मीटर. चाकाचं जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, त्याच्या निम्मं: ०.९ किलोग्रॅम मीटर वर्ग. ७.२ ला ०.९ ने भागलं की दर सेकंदाला कोनीय वेग ८ रेडियन प्रति सेकंदाने कमी होतो. सुरुवातीचा वेग ६२.८३ रेडियन प्रति सेकंद, म्हणून वेळ ७.८५ सेकंद. एका ओळीत लिहायचं तर:

t = Iω / (μNR)

आरपीएम तसाच घातला

६०० ला सरळ ८ ने भागलं की ७५ सेकंद येतात. कुणी ६० ने भागतो पण २π विसरतो, त्याचं उत्तर सव्वा सेकंद. या दोन्ही चुका आकड्यावरूनच ओळखू येतात. उत्तर खऱ्या वेळेच्या साडेनऊ पट असेल तर आरपीएम तसाच राहिलाय, आणि सव्वासहा पट कमी असेल तर २π राहिलाय.

पण परीक्षेत खरी वेळ आधी माहीत नसते, म्हणून मी मुलांना ऊर्जेने पडताळायला लावतो. चाकाची गतिज ऊर्जा सुमारे १,७७७ ज्यूल आहे. थांबेपर्यंत ही सगळी घर्षणाने खाल्ली पाहिजे. ७५ सेकंद बरोबर मानले, तर सरासरी ३०० आरपीएमने चाक ३७५ फेरे फिरेल. ड्रमचा परीघ सुमारे ७५ सेंटिमीटर, म्हणजे पॅडखालून २८३ मीटर लांबी घासत जाईल. ६० न्यूटनने २८३ मीटर म्हणजे जवळजवळ १७,००० ज्यूल. चाकाकडे तेवढी ऊर्जा नव्हतीच. ७.८५ सेकंदांत मात्र ३९.३ फेरे होतात, घासलेली लांबी २९.६ मीटर येते आणि काम बरोबर १,७७७ ज्यूल भरतं.

कुठली त्रिज्या कुठे?

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. गणितात दोन त्रिज्या आहेत आणि दोघींची कामं वेगळी आहेत. ३० सेंटिमीटर चाकाची, ती फक्त जडत्व आघूर्णात जाते. १२ सेंटिमीटर ड्रमची, ती फक्त टॉर्कमध्ये जाते. घर्षण जिथे घासतं तिथली त्रिज्या टॉर्कला, वस्तुमान जिथे पसरलंय तिथली जडत्वाला.

टॉर्कमध्ये चुकून ३० सेंटिमीटर घातले तर टॉर्क १८ न्यूटन मीटर होतो आणि वेळ ३.१४ सेकंद. गंमत अशी, की या आकड्यांमध्ये कुणी घर्षण गुणांकच विसरला आणि १५० न्यूटनलाच घर्षण बल समजला, तरी टॉर्क १८ आणि वेळ ३.१४ च येते, कारण १२ भागिले ३० सुद्धा ०.४ च. म्हणून मी नुसतं शेवटचं उत्तर पाहून चूक सांगत नाही, मधल्या ओळी पाहतो. तुम्हीही स्वतःचं गणित तपासताना तेच करा.

आता एक सावधगिरी. वरची ऊर्जेची पडताळणी या चुकीत फसवू शकते. ज्याने टॉर्कला ३० सेंटिमीटर घेतले, तो घासलेली लांबीही ३० सेंटिमीटरवरूनच काढतो. १५.७ फेरे, दर फेऱ्याला १.८८ मीटर, म्हणजे पुन्हा २९.६ मीटर. ऊर्जा जुळते आणि उत्तर चुकीचंच राहतं. आकृतीतल्या ड्रमवर बोट ठेवून त्रिज्या पुन्हा वाचल्याशिवाय ही चूक सापडत नाही.

पण ती फसवणूक एक महत्त्वाची गोष्ट दाखवून जाते. घर्षण बल ठरलं की पॅडखालून घासणारी लांबी ठरली: ऊर्जा भागिले बल, २९.६ मीटर. ड्रम लहान असो की मोठा, ही लांबी बदलत नाही. लहान ड्रमला तेवढी लांबी पुरी करायला जास्त फेरे मारावे लागतात, म्हणून वेळ जास्त लागतो. ड्रमची त्रिज्या निम्मी करून ६ सेंटिमीटर केली तर वेळ १५.७ सेकंद, फेरे ७८.५, पण लांबी तीच आणि तयार होणारी उष्णताही तेवढीच.

सायकलवर हे डोळ्यांनी दिसतं. ७००सी चाकाला रिम ब्रेक असेल तर पॅड मध्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर घासतो. १६० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कवर पॅड ७ ते ८ सेंटिमीटरवरच घासतो. तेवढाच टॉर्क हवा असेल तर डिस्कच्या पॅडला सुमारे चौपट घर्षण बल द्यावं लागतं. डिस्कचा कॅलिपर पॅड इतक्या जोराने का आवळतो, ते इथून कळतं. आणि १६० हा व्यास आहे. कॅटलॉगमधला आकडा तसाच R म्हणून घातला की टॉर्क दुप्पट आणि वेळ निम्मा येतो.

हाताचं बल म्हणजे पॅडचं बल नव्हे

प्रयोगशाळेत पॅड हाताने कुणी दाबत नाही, लिव्हर असतो. आपल्या उदाहरणात समजा टेकूची पिन एका टोकाला आहे, पॅड तिच्यापासून २० सेंटिमीटरवर आणि हात ५० सेंटिमीटरवर. हाताने ६० न्यूटन लावले की पॅडवर १५० न्यूटन येतात. सूत्रात N म्हणून ६० घालणं ही उघड चूक, ती लवकर कळते. कळत नाही ती पुढची.

पॅड ड्रमला जिथे टेकतो तिथली घर्षणाची रेषा बहुतेक वेळा पिनमधून जात नाही. ती पिनपासून ५ सेंटिमीटर बाजूला आहे असं धरा. मग घर्षण स्वतःच लिव्हरला फिरवायला बघतं. ड्रम एका दिशेने फिरताना घर्षण लिव्हरला ड्रमकडे ओढतं, उलट दिशेने फिरताना ड्रमपासून दूर ढकलतं. पिनभोवती आघूर्णांचा तोल लिहिला तर हाताचे ३० न्यूटन मीटर एका दिशेला ०.१८ ने भागावे लागतात, दुसऱ्या दिशेला ०.२२ ने, कारण ०.२० मध्ये ०.४ गुणिले ०.०५ वजा होतात किंवा मिळवले जातात. पॅडवरचं बल १६६.७ न्यूटन किंवा १३६.४ न्यूटन. वेळ ७.०७ सेकंद किंवा ८.६४ सेकंद.

हात तोच, चाक तेच, पॅड तोच, आणि दीड सेकंदाचा फरक. दोन गटांची रीडिंग जुळत नाहीत म्हणून मुलं स्टॉपवॉचला दोष देतात. मी आधी विचारतो, चाक कुठल्या दिशेने फिरवलं होतं?

डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅड असले तर प्रत्येक पॅड पूर्ण N ने दाबतो आणि दोन्ही घर्षणं एकाच दिशेला, फिरण्याच्या विरुद्ध लागतात. म्हणून घर्षण 2μN. दोन्ही दाब समोरासमोर असल्याने रद्द होतात, पण ते दाब, घर्षण नव्हे. रुंद पॅड लावला तर मात्र घर्षण वाढत नाही. दाब पसरतो आणि पॅड सावकाश झिजतो, इतकंच.

रीडिंग आणि गणित जुळत नाही तेव्हा

मोजलेला वेळ थोडा कमी येत असेल तर बेअरिंगचं घर्षण मोजा. ब्रेक न लावता मोटर बंद करा आणि चाक आपोआप थांबू द्या. आपलं चाक समजा अडीच मिनिटांनी थांबलं. म्हणजे बेअरिंग आणि हवा मिळून सरासरी ०.४२ रेडियन प्रति सेकंद वर्ग इतकं मंदन देतात. ते ८ मध्ये मिळवलं की ब्रेकसह वेळ साडेसात सेकंदांच्या आसपास येतो.

वेळ बराच जास्त येत असेल तर मुलं लगेच 'ब्रेक तापला' लिहितात. इथे हिशेब करून पाहावा. १,७७७ ज्यूल उष्णता ३ किलोच्या बिडाच्या ड्रममध्ये पसरली तर तापमान सव्वा-दीड अंशाने वाढतं. पॅडखालचा पृष्ठभाग क्षणभर जास्त तापतो हे खरं, पण पहिल्याच फेरीत वेळ दुप्पट व्हायला उष्णता हे कारण सहसा नसतं. पहिल्याच, थंड ड्रमवरच्या रीडिंगला १५-१६ सेकंद लागले तर घर्षण गुणांक निम्म्यावर आलाय, आणि त्याचं पहिलं संशयित बेअरिंगमधून आलेलं ग्रीस किंवा तेल. पहिली रीडिंग बरोबर, पण सलग वीस-पंचवीस वेळा थांबवल्यावर वेळ वाढत गेला आणि अर्ध्या तासाने पुन्हा पूर्वीसारखा झाला, तरच उष्णतेला दोष द्या.

आणखी एक तपासणी सोपी आहे. ३०० आरपीएमवरून थांबवा. घर्षण बल वेगाबरोबर बदलत नसेल तर वेळ निम्मा, ३.९ सेकंद, आणि फेरे चौथाई, म्हणजे दहाच्या आत आले पाहिजेत. फेरे मोजायला ड्रमच्या कडेवर खडूची एक रेघ ओढून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. गेल्या वर्षी एका गटाला वेळ निम्म्याऐवजी दोन-तृतीयांश मिळत होता. व्हिडिओत दिसलं, की लिव्हर दाबणारा मुलगा चाक मंद झालं की हात सैल सोडत होता. लिव्हरच्या टोकाला हाताऐवजी वजन टांगलं, आणि पुढच्या तिन्ही रीडिंग चार सेकंदांच्या जवळ आल्या.