धावत्या गाडीत कुणाची तब्येत अचानक बिघडली तर

मुंबईहून नागपूरला जाणारी रात्रीची गाडी. मनमाड गेलं, डब्यातले दिवे मालवले, आणि बी-3 मधल्या 41 नंबरच्या बर्थवरचे बासष्ट वर्षांचे वडील उठून बसले. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाले. अंगाला दरदरून घाम, डावा हात जड. खिडकीबाहेर अंधार, पुढचं स्टेशन कोणतं तेही माहीत नाही. अशा वेळी काय करायचं, ते हेच उदाहरण धरून क्रमाने सांगतो.

धावत्या गाडीत डॉक्टर येऊ शकत नाही, तो फलाटावर येतो. म्हणून आपलं मुख्य काम आहे निरोप गाडीच्या पुढे पळवणं. तो जितका लवकर आणि जितका नेमका पोचेल, तितकी पुढच्या स्टेशनावर तयारी होते.

आधी माणसं वाटून घ्या. एकाने रुग्णाजवळ बसावं, दुसऱ्याने फोन करावा, तिसऱ्याने टीसीला शोधायला निघावं. एकटेच असाल तर शेजारच्या बर्थवरच्या माणसाला उठवा, संकोच करू नका. छातीत दुखणाऱ्याला पाठीला उशी देऊन अर्धवट बसवा, कपडे सैल करा. चालत संडासाला अजिबात जाऊ देऊ नका. बरेच जण तिथेच कोसळतात आणि आतून कडी लावलेली असते. माणूस बेशुद्ध असेल पण श्वास नीट चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. तोंडात पाणी घालू नका. फीट आली असेल तर चप्पल आणि कांदा हुंगवत बसू नका, डोकं बर्थच्या कडेवर आपटणार नाही एवढं बघा.

श्वासच थांबला असेल तर मात्र त्याला बर्थवरून खाली, दोन बर्थच्या मधल्या जागेत जमिनीवर घ्या. बर्थची गादी मऊ असते, तिच्यावर छाती दाबून उपयोग नाही. छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

139 लावा. रेल्वेचा हा एकच मदत क्रमांक आहे. भाषा निवडली की सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीसाठी 1 दाबायचा, म्हणजे माणसाशी बोलता येतं. फोन लागत नसेल तर रेल मदद ॲपवर किंवा railmadad.indianrailways.gov.in वर पीएनआर टाकून वैद्यकीय मदतीची तक्रार नोंदवा. बहुतेकांची चूक इथे होते. घाबरून ‘वडिलांची तब्येत बिघडलीय, लवकर डॉक्टर पाठवा’ एवढंच बोलतात, आणि उरलेला वेळ पलीकडून विचारलेल्या प्रश्नांत जातो. त्याऐवजी असं सांगा:

‘गाडी नंबर अमुक, डबा बी-3, बर्थ 41, पीएनआर अमुक. पुरुष, वय 62. दहा मिनिटांपासून छातीत दुखतंय, घाम आलाय, शुद्धीवर आहेत. मधुमेह आहे. नांदगाव आत्ताच गेलं. डॉक्टर, ऑक्सिजन, स्ट्रेचर आणि ॲम्ब्युलन्स हवी. माझा फोन नंबर हा.’

‘पोटात गॅस झालाय बहुतेक’ असा आपला अंदाज सांगू नका, जे दिसतंय तेच सांगा. येणारा डॉक्टर त्यावरूनच सामान घेऊन निघतो. आणि जो नंबर दिला, त्यावरून लगेच नागपूरच्या काकांना फोन लावत बसू नका. स्टेशनवरून उलट फोन येतो तो याच नंबरवर. नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून कळवा.

टीसीलाही कळवा. घाटात, बोगद्यात फोनला रेंज नसते, तेव्हा तोच आधार. एसी डब्यात अटेंडंटला उठवा, तो टीसीला शोधून आणतो. शेवटच्या डब्यातले गार्ड, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्यांच्याकडे वॉकीटॉकी आणि प्रथमोपचाराची पेटी असते. जनरल डब्यात टीसी फिरकत नाही. तिथे 139 च लावायचा, आणि पुढच्या थांब्यावर एकाने गार्डकडे किंवा स्टेशन मास्तरकडे धावायचं. गाडीतच कुणी डॉक्टर आहे का, हे शेजारच्या डब्यांत विचारायला एकाला पाठवा.

आता पलीकडे काय घडतं ते. निरोप विभागाच्या कंट्रोल रूममध्ये जातो. आपल्या उदाहरणात तो भुसावळ विभाग. कंट्रोल पुढच्या सोयीच्या स्टेशनच्या मास्तरला कळवतं. जिथे रेल्वेचं रुग्णालय किंवा दवाखाना आहे, तिथून रेल्वेचा डॉक्टर येतो. जिथे नाही, तिथे मास्तर जवळचा खासगी डॉक्टर किंवा 108 ची ॲम्ब्युलन्स बोलावतात. गाडीचा थांबा नसलेल्या स्टेशनवरही, गरज पटली तर, कंट्रोल गाडी थांबवू शकतं.

इथे तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागतो. नांदगावनंतर चाळीसगाव साधारण अर्ध्या तासावर. जळगाव त्याच्यापुढे आणखी तासभर, तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. भुसावळला रेल्वेचं रुग्णालय, पण ते जळगावच्याही पुढे. माझं स्पष्ट मत: छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, श्वास लागला असेल, तर जिथे आधी डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स मिळेल तिथे उतरा. 139 ला तसं ठाम सांगा: ‘चाळीसगावला उतरवायचंय, तिथे ॲम्ब्युलन्स ठेवा.’ ताप, उलट्या, जुलाब असतील आणि माणूस नीट बोलत असेल, तर मोठ्या स्टेशनपर्यंत जायला हरकत नाही.

साखळी मधेच ओढू नका. शेतात थांबलेल्या गाडीजवळ ॲम्ब्युलन्स येऊ शकत नाही, आणि साखळी पूर्ववत होऊन गाडी निघेपर्यंत हातची मिनिटं जातात. गाडी स्टेशनात उभी आहे, रुग्णाला उतरवणं चालू आहे आणि ती हलू लागली, तर मात्र बेलाशक ओढा. रेल्वे कायद्याच्या कलम 141 खालचा गुन्हा सबळ कारणाशिवाय साखळी ओढण्याचा आहे. हे कारण सबळ आहे.

स्टेशन येण्याआधी औषधांची पिशवी, जुने कागद, आधार, पैसे, चार्जर एका पिशवीत घ्या. बाकीचं सामान राहिलं तर राहू द्या. फलाट कोणत्या बाजूला येणार ते अटेंडंटला विचारा, आणि एकाने दारात मोबाइलचा दिवा हलवत उभं राहावं. रात्री लांबलचक फलाटावर बी-3 शोधण्यात डॉक्टरची दोन मिनिटं जातात, आणि थांबाच कधीकधी तेवढा असतो.

डॉक्टर बर्थवर येऊन तपासतो. तपासणीची फी 100 रुपये, तिची पावती मिळते. औषधांचे पैसे वेगळे. ‘उतरवा’ म्हणाला तर वाद घालू नका. तपासून ‘न्या पुढे’ म्हणाला, तर कोणती लक्षणं दिसली तर लगेच उतरायचं, ते विचारून घ्या. उतरल्यास स्टेशन मास्तर रुग्णालयासाठी मेमो देतात, तो जपून ठेवा. खासगी रुग्णालयातला खर्च आपलाच असतो.

आणि दुखणं मधेच थांबलं, डॉक्टर नको असं ठरलं, तर 139 ला परत फोन करून तसं कळवा. पुढच्या स्टेशनावर पहाटे तीन वाजता कुणीतरी स्ट्रेचर घेऊन तुमच्या डब्याची वाट पाहत उभं असतं.