लिंक्डइन कॅप्शनला लाइक्स येतात, पण खरेदीदार विचारत नाहीत: माझा अनुभव

आमच्या बिल-मंजुरीच्या सॉफ्टवेअरमधल्या नवीन फीचरच्या पोस्टवर लाइक्स फक्त आमच्याच लोकांचे. विशेषणं बदलली, हॅशटॅग वाढवले; ढिम्म. वैताग आला.

मग क्रम बदलला. लिंक्डइन सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दाखवतं, म्हणून बदलाला घाबरणाऱ्या खरेदीदाराच्या शंकेचं उत्तर आधी आणि फीचर नंतर:

"तुमची सध्याची बिल-मंजुरी आहे तशीच चालेल. दुहेरी मंजुरी हे नवं फीचर सुरुवातीला बंद असेल; ॲडमिनने चालू केलं तरच लागू. आधी एकाच विभागात वापरून बघा. बंद केलं तरी जुन्या नोंदी राहतात. मोबाइल ॲपमध्ये अजून नाही."

शेवटचं वाक्य मार्केटिंगला खुपलं, मी ठेवलं. डेमोऐवजी सेटिंगच्या माहितीपानाची लिंक दिली. पोस्टआधी प्रत्येक वाक्य डेव्हलपरकडून तपासून घेतलं, विशेषतः नोंदींचं. आता कॉमेंटमध्ये प्रश्न येतात: "ऑडिट लॉग एक्सपोर्ट होतो का?"