हप्ता रविवारी कापतात, पण चेक रविवारी वटत नाही: EMI च्या तारखेआधी पैसे कसे पोचवायचे

5 सप्टेंबर 2021, रविवार. माझा गाडीचा हप्ता 5 तारखेला असायचा आणि इतकी वर्षं रविवार आला की तो सोमवारी कापला जायचा, म्हणून मी निवांत, सोमवारी सकाळी शाखेत जाऊन कॅश भरू म्हटलं. रविवारी सकाळी चहा पिताना मेसेज आला की खात्यात बॅलन्स नाही म्हणून हप्ता परत गेला. मग आमच्या बँकेने बाउन्स चार्ज लावला, फायनान्सवाल्याने वेगळा लावला, दोन्हीवर जीएसटी. चूक माझीच होती, कारण 1 ऑगस्ट 2021 पासून नाच म्हणजे NACH, ज्यातून आपले हप्ते, एसआयपी वगैरे आपोआप कापले जातात, ते सुट्टीच्या दिवशीही चालू झालं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

सगळी गोम इथेच आहे. पैसे *जाण्याला* आता सुट्टी नाही, पण पैसे *येण्याच्या* काही वाटांना अजून आहे. NEFT डिसेंबर 2019 पासून आणि RTGS डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं, IMPS आणि यूपीआय तर आहेच, पण चेक, शाखेत भरायची कॅश आणि काउंटरवर दिलेला NEFT चा फॉर्म हे बँक उघडी असेल तेव्हाच.

आधी आपला हप्ता कुठून कापतात ते बघा

पासबुक किंवा स्टेटमेंट काढा आणि मागच्या हप्त्याची एंट्री शोधा. `ACH D` अशी सुरुवात असेल तर तो नाचने दुसऱ्या बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या कर्जाला जातोय. अशा हप्त्याची फाइल बऱ्याचदा सकाळी लवकरच लागते, म्हणून 5 तारखेचा हप्ता म्हणजे 4 तारखेच्या रात्री झोपताना खात्यात पैसे असणं, असंच समजायचं. 5 ला दुपारी भरले आणि वाचलो असं कधी होतंही, पण त्याच्यावर विसंबू नका. कर्ज आणि बचत खातं एकाच बँकेत असेल तर बँक आपल्याच सिस्टीममधून कापते, तिथे काही बँका दिवसभरात परत प्रयत्न करतात, काही करत नाहीत, ते शाखेत एकदा विचारून ठेवा.

मग 4 तारखेच्या रात्रीपासून उलटं मोजा

खरा महिना घेऊ, एप्रिल 2026. 1 तारीख बुधवार, वार्षिक हिशोबामुळे बँका ग्राहकांसाठी बंद. 2 गुरुवार चालू. 3 ला गुड फ्रायडे, महाराष्ट्रात बंद. 4 ला पहिला शनिवार, म्हणजे चालू (दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो). 5 ला रविवार, आणि हप्ता नेमका त्याच दिवशी. म्हणजे पाच दिवसांत कामाचे फक्त दोन.

आता समजा एखाद्याचा मालक पगार चेकने देतो, आणि वर्कशॉप, छोटी दुकानं इथे अजून देतात, तर 1 तारखेला मिळालेला चेक गुरुवारी टाकायला हवा. तो संध्याकाळी पाचला ड्रॉप बॉक्समध्ये टाकला तर? बॉक्सवर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर वेळ लिहिलेली असते की अमुक वाजेनंतरचे चेक पुढच्या कामाच्या दिवशी, पण तो कागद कोणी वाचत नाही. पुढचा कामाचा दिवस शुक्रवार नाही, शनिवार. ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर स्कॅन होऊन पुढे जातात, पूर्वीसारखं दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे शनिवारी वेळेत गेला तर संध्याकाळपर्यंत जमा व्हायची आशा आहे. पण शनिवारची वेळ चुकली, किंवा सही जुळत नाही म्हणून परत आला, तर गोष्ट थेट सोमवार 6 वर, आणि हप्ता रविवारी सकाळीच बाउन्स. तोच चेक गुरुवारी सकाळी अकराला काउंटरवर दिला असता तर हाताशी पूर्ण शनिवार उरला असता.

सुट्ट्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर महिन्यानुसार आणि शहरानुसार मिळते, मुंबई, नागपूर, पणजी वेगवेगळे. आपलं शहर बघायचं आणि चेक ज्या गावच्या बँकेचा आहे तिथली सुट्टीही बघायची.

ऑनलाइन असलं तरी दोन ठिकाणी अडकतं

पहिलं म्हणजे नवीन खातं ॲड केलं की बऱ्याच बँका सुरुवातीला काही तास किंवा पहिला एक दिवस थोडीच रक्कम पाठवू देतात. 4 तारखेच्या रात्री बहिणीकडून वीस हजार मागवताना तिने तुम्हाला तेव्हाच ॲड केलं तर संपलं. तर ज्यांच्याकडून अडीअडचणीला पैसे येऊ शकतात त्यांना आधीच ॲड करायला सांगा आणि एक रुपया पाठवून बघा.

दुसरं NEFT. चोवीस तास चालतं खरं, पण दर अर्ध्या तासाच्या बॅचने, आणि बॅच झाल्यावर समोरच्या बँकेला जमा करायला किंवा परत पाठवायला दोन तास असतात. रात्री साडेअकराला पाठवलेले पैसे बारानंतर पोचू शकतात. आणि कर्जखातं थकीत झालं की नाही हे बँक त्या दिवसाचा हिशोब बंद करते त्या वेळी ठरतं, तुम्ही पाठवलं कधी यावर नाही. घाई असेल तर IMPS करा, पाच लाखांपर्यंत जातं, पण तुमच्या बँकेची मर्यादा त्याहून कमी असू शकते.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर आणखी एक दिवस धरा. बऱ्याच पतसंस्थांचं स्वतःचं NEFT नसतं, पैसे आधी त्यांच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात जातात आणि मग त्यांचा कर्मचारी बघून तुमच्या कर्जाला एंट्री टाकतो, ती शनिवारी दुपारनंतर होईलच असं नाही. पाठवल्यावर पावतीचा फोटो आणि कर्ज खाते नंबर त्यांना लगेच पाठवून द्या.

घाबरून दोनदा भरू नका

हप्त्याच्या एक-दोन दिवस आधी बॅलन्स कमी दिसला की लोक फायनान्सच्या ॲपमधून हप्ता भरून टाकतात. पण तोपर्यंत नाचची फाइल बऱ्याचदा तयार होऊन गेलेली असते, मग 5 ला खात्यातून परत कापायला येते. पैसे असले तर डबल गेले, नसले तर भरूनही बाउन्स. एवढ्या जवळ आल्यावर ॲपमध्ये भरण्यापेक्षा ज्या खात्यातून हप्ता जातो त्याच खात्यात पैसे टाका. ॲपनेच भरायचं असेल तर आधी फोन करून विचारा की मँडेट, म्हणजे हप्ता कापायची आपण सही करून दिलेली परवानगी, वापरून यावेळची फाइल पाठवली का.

पैसे पाठवले आणि पोचले नाहीत तर परत पाठवू नका, आधी UTR नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, काढा. NEFT ला तीन तास होऊन गेले तर तो नंबर घेऊन आधी स्वतःच्या बँकेकडे जा, फायनान्सवाल्याकडे नंतर.

आणि दर महिन्याला हीच पळापळ होत असेल तर हप्त्याची तारीखच बदलून मागा. पगार 7 ला येतो आणि हप्ता 5 ला, असं कर्ज घेताना कोणी बघत नाही. काही ठिकाणी 10 किंवा 15 तारीख करून देतात, नवीन मँडेट सही करावा लागतो आणि मधल्या दिवसांचं व्याज एकदाच जास्तीचं लागतं. मी माझी 10 करून घेतली, तेव्हा मधल्या पाच दिवसांचं व्याज बाउन्सच्या दंडापेक्षा कमीच पडलं.